टाकी कुठपर्यंत पोहोच?

कोटेशनमध्ये "एफ. ओ. आर." एवढंच लिहून पुढची जागा मोकळी सोडायची पद्धत ज्याने सुरू केली, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. मारणार नाही मी त्याला. फक्त विचारीन, "कुठपर्यंत?"

देवासच्या औद्योगिक भागात एक डेअरी आहे, तिच्या खरेदी विभागात मी बरीच वर्षं काढली. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि आमचे साहेब. साहेब सह्या करायचे. बाकीचं मी आणि कपाट बघायचो. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तीन-चार पुरवठादारांकडून भाव मागवायचे, त्यांची कोटेशनं उघडायची आणि एका मोठ्या तक्त्यात उतरवायची. एका बाजूला पुरवठादारांचे रकाने, दुसऱ्या बाजूला ओळी: मूळ दर, पॅकिंग, टॅक्स, भाडं, विमा, उतरवणी, बसवणी, मुदत, पैसे देण्याची अट. ऐकायला सोपं वाटतं. पण कोटेशन लिहिणारा माणूस तक्ता समोर ठेवून लिहीत नाही. मनात येईल तसं लिहितो, आणि आपण त्यातून हाडं वेगळी काढायची.

त्या वर्षी घ्यायची होती दूध थंड ठेवायची टाकी. सतवासच्या केंद्रासाठी. सतवास आमच्याच जिल्ह्यात, पण पार दक्षिणेला. आसपासच्या गावांचं दूध तिथे जमा होतं, टाकीत थंड होतं आणि टँकरने देवासला येतं. तिथल्या जुन्या टाकीचा कॉम्प्रेसर मनाला येईल तेव्हा बंद पडायचा. केंद्र सांभाळणारा माणूस मग बर्फाच्या लाद्या आणून दुधाच्या कॅनच्या भोवती रचायचा. दुरुस्तीवाला म्हणाला होता, आता हिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही शिल्लक नाही.

वरून निरोप आला होता तो असा: दिवाळीनंतर दूध वाढतं; तोवर सतवासला नवी टाकी चालू झाली तर ठीक, नाहीतर केंद्र बंद करून ते दूध सोनकच्छला न्यायचं. आता सतवासहून सोनकच्छपर्यंत कॅनमधून दूध न्यायचं म्हणजे पोहोचेपर्यंत त्याचं दही. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे सोनकच्छला न्यायचं याचा अर्थ न्यायचंच नाही. केंद्र गेलं की केंद्र सांभाळणाराही गेला.

तो मला रोज सकाळी फोन करायचा. मी पर्स टेबलावर ठेवायचे आणि फोन वाजायचा. माळवी माणूस, मला जीजी, म्हणजे ताई, म्हणायचा.

"जीजी, टंकी को कई हुयो?"

"कोटेशन आए नहीं अभी, भिया."

"हौ. कल पूछूंगा."

आणि खरंच विचारायचा. तेच वाक्य, त्याच आवाजात. रागावला असता तर बरं झालं असतं, मलाही रागावता आलं असतं. एकदाच तो जास्तीचं बोलला. म्हणाला, केंद्राची ही खोली बांधली तेव्हा विटा मी डोक्यावरून वाहिल्यात, जीजी. मग लगेच म्हणाला, हौ, कल पूछूंगा.

गणपती उठले आणि कोटेशनं उघडली. तीन होती. गुजरातच्या मोठ्या कंपनीचं इतकं स्वच्छ होतं, की वाचून मला रडू यायचं बाकी राहिलं. सगळं लिहिलेलं, आणि मुदत तीन महिने. दिवाळी कुठल्या कुठे निघून जाणार. दुसरं इंदूरच्या व्यापाऱ्याचं. तो स्वतः काही बनवत नाही, गुजरातवाल्यांकडूनच घेऊन देतो; त्यामुळे भाव जास्त आणि मुदत तीच. तिसरं धारचं. त्यांचं शेड धार जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या वस्तीत होतं, टाक्या तिथेच बनायच्या. मुदत लिहिली होती चार हप्ते, म्हणजे चार आठवडे. ती ओळ मी दोनदा वाचली.

आणि मग बाकीच्या ओळी वाचल्या आणि कपाळाला हात लावला.

दरापुढे लिहिलं होतं एफ. ओ. आर. म्हणजे ठरल्या ठिकाणापर्यंतचं भाडं पुरवठादाराच्या माथी. कुठलं ठिकाण, ते नाही. धार? देवास? सतवास? पहिल्या पानावर "बसवणी व गॅससह" आणि तिसऱ्या पानावर "बसवणी प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे". आणि ते चार हप्तेसुद्धा कसले, तर "क्लिअर ऑर्डर मिळाल्यापासून". क्लिअर म्हणजे काय? ऑर्डर हातात पडल्यापासून, आगाऊ रक्कम मिळाल्यापासून, की ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून? ड्रॉइंग मंजूर करायला आमच्याकडे किती वेळ लागतो ते मला विचारा. एका दरवाजाचं ड्रॉइंग आमच्या इंजिनिअरसाहेबांच्या टेबलावर इतकं राहिलं होतं, की तो दरवाजा लावायची भिंतच मधल्या काळात पाडली.

मी सगळं तक्त्यात उतरवलं आणि धारच्या रकान्यात तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह काढलं. भाडं आणि बसवणी दरातच धरली तर धारवाले सर्वांत स्वस्त. नाही धरली तर गुजरातवाले. आणि आमच्याकडे नियम असा, की जिथे पुरवठादाराने स्पष्ट लिहिलेलं नाही तिथे आपण त्याच्या फायद्याचं धरायचं नाही. लेखी विचारायचं. लेखी उत्तर नाही आलं तर इतर दोघांतलं जास्तीत जास्त भाडं त्याच्या दरात चढवायचं आणि मग तुलना करायची. तसं चढवलं की धारवाले बाद. मुदतीचं तर विचारूच नका.

"फोन कर लो ना मैडम, दो मिनट की बात है," साहेब म्हणाले.

साहेबांची सगळी कामं दोन मिनिटांची असतात. फोनवर तो "हो हो" म्हणेल. आपण फाईलला काय लावणार, त्याचा आवाज? आणि फोनवर तर माणूस असंच विचारतो, "सतवासपर्यंत आहे ना तुमचा दर?" म्हणजे उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालायचं. इतर दोघांचे भाव उघडलेले असताना एकालाच असं हळूच सुचवायचं म्हणजे चोरीच की. मी साहेबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ठीक है, लेटर बना दो, साइन कर दूंगा.

पत्र मी हिंदीत लिहिलं. आमचा कारभार हिंदीत चालतो. दुपार गेली त्याच्यात. तीन मुद्दे: आपल्या दरापुढे एफ. ओ. आर. लिहिले आहे, ठिकाण लिहिलेले नाही. हा दर कोणत्या ठिकाणापर्यंत पोहोच आहे व वाहतूक, विमा, उतरवणी कोणाकडे, ते कळवावे. पान एक व पान तीन यांत बसवणीबाबत फरक आहे. कोणते धरावे, ते कळवावे. चार हप्ते कोणत्या दिवसापासून मोजायचे, आणि शेवट म्हणजे माल आपल्याकडून निघणे की सतवासला पोहोचणे, ते कळवावे. खाली ओळ: मूळ दरात बदल मागितलेला नाही व केल्यास विचारात घेतला जाणार नाही. उत्तर आपल्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, पुढच्या सोमवारपर्यंत. साहेबांनी सही केली. संपर्क म्हणून खाली माझं आडनाव. ई-मेल केलं, आणि कागद स्पीडपोस्टानेही पाठवला.

घोटाळा झाला तो त्या आडनावाने.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी धारहून फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, आणि मराठी अशी की मी खुर्चीत सरळ बसले. "आपण देवासच्याच का? कोणाकडल्या?" मी सांगितलं. पलीकडे जरा विचार झाला. "म्हणजे जुन्या पागेपाशी घर?" हो म्हटलं. आमचे पूर्वज दरबारच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. ते मी सांगितलं नाही, पण त्यांना ठाऊक असावं. त्यांच्या घरात धारच्या दरबाराचं दप्तर होतं. हे त्यांनी सांगितलं.

"बाईसाहेब, आपलं पत्र पावलं. आपण निश्चिंत असावं."

खोगिरवाल्यांच्या लेकीला बाईसाहेब! मला हसू आलं, ते गिळलं. म्हटलं, "काका, निश्चिंत मी लेखी उत्तर आल्यावर होईन."

"लिहितो तर. आजच लिहितो."

सोमवारी सकाळी पाकीट आलं. ई-मेल नाही, पाकीट. तक्ता काढून, पेन हातात घेऊन मी ते उघडलं.

आत जाड कागद, त्यावर शाईच्या पेनाने लिहिलेली मराठी. कोपऱ्यांना हळद-कुंकू. वर श्री. मग "सौ. बाईसाहेब यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष". लेटरहेड नाही, शिक्का नाही, आमच्या पत्राचा क्रमांक नाही. पण मजकूर! इतकं स्वच्छ उत्तर मला उभ्या नोकरीत कोणी दिलेलं नव्हतं. टाकी सतवासच्या केंद्राच्या दारात, आमच्या खर्चाने, उतरवून, जोडून, गॅस भरून, थंड करून देऊ. तिसऱ्या पानावरील मजकूर रद्द समजावा. चार हप्ते आपल्या ऑर्डरीच्या तारखेपासून. ड्रॉइंग कोटेशनसोबत दिलेच आहे, वेगळ्या मंजुरीसाठी थांबणार नाही. आणि शेवट म्हणजे टाकी थंड होणे. मूळ दर तोच. खाली: दिवाळीस सहकुटुंब फराळास येणेचे करावे.

अगं बाई! इकडे जीव भांड्यात पडला आणि तिकडे घाम फुटला. ज्याचं कोटेशन टेबलावर आहे, तो खरेदीवालीला फराळाला बोलावतो आहे. तेही कुंकू लावून.

कागद अकाउंट्सच्या साहेबांकडे जायचाच होता, कारण तक्त्यावर त्यांची सही लागते. ते इंदूरचे, संशयी माणूस, पण लबाड नाही. त्यांनी कागद उलटासुलटा केला.

"ये क्या है मैडम? शादी का कार्ड?"

"पार्टी का कन्फर्मेशन है सर."

"मराठी में?"

"जी."

"आपके नाम से?"

"जी."

"और इसमें लिखा क्या है, ये भी आप ही बताओगी."

बरोबरच होतं त्यांचं. ज्या बाईने तक्ता भरायचा, तिनेच त्या पत्राचा अर्थ सांगायचा आणि त्या अर्थावर त्याच पार्टीला ऑर्डर मिळायची. मी त्यांच्या जागी असते तर मीही ती बाई दोन दिवस डोळ्यांखाली ठेवली असती. आमच्या लॅबमध्ये एक बाई मराठी. घरी मराठी बोलते, पण शाळा हिंदीतली. तिला बोलावलं. ते जुन्या वळणाचं अक्षर बघून तिने हात टेकले. म्हणाली, "ताई, बोलायला सांगा, बोलते मी. हे नाही होणार."

तेव्हा मी दुसरं पत्र पाठवलं: उत्तर लेटरहेडवर, क्रमांकासह, सही-शिक्क्यासह, हिंदीत द्यावे. सोमवार गेलाच होता. साहेबांना सांगून मुदत शुक्रवारपर्यंत वाढवली, आणि तीही तिघांना. उरलेल्या दोघांना कशाची मुदत वाढली ते कळलं नाही. गुजरातवाल्यांनी उलट विचारलं, आमचं काय चुकलं?

धारहून उत्तर नाही. ई-मेल नाही. फोन मी करायचा नाही, आणि ते करत नव्हते. गुरुवार उजाडला.

"जीजी, टंकी को कई हुयो?"

त्या दिवशी मी फोन ठेवला आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. बोलले ते जरा जास्तच मोठ्याने बोलले. नवीन पुरवठादार आहे, ऑर्डर देण्याआधी वर्कशॉप बघायचा नियम आहे की नाही? आहे. मग आज बघायचं, आणि मी एकटी जाणार नाही, अकाउंट्सचे साहेब बरोबर पाहिजेत. साहेब दचकले. म्हणाले, जीप ले जाओ.

शेड मोठं नव्हतं, पण चकचकीत होतं. आत दोन अर्ध्या टाक्या उभ्या, स्टीलवर वेल्डिंगच्या ठिणग्या. काकांचा मुलगा वेल्डिंगच्या माणसांजवळ उभा होता, तो काम सांभाळायचा. काका दाराशी खुर्चीवर. पांढरं धोतर, डोक्याला काळी टोपी, हातात काठी. फर्म त्यांच्या नावावर. सही त्यांचीच चालायची. अकाउंट्सच्या साहेबांनी हे आधी विचारून घेतलं.

मी हिंदीत सुरुवात केली, म्हणजे साहेबांनाही कळावं. काका मराठीतच बोलले.

"मी लिहून दिलं आहे, बाईसाहेब."

"पोचलं. पण ते फाईलला चालत नाही काका. तेच लेटरहेडवर लिहून शिक्का मारा, झालं."

"तेच परत?"

"तेच परत. शब्दाला शब्द."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आमच्याकडे एकदा दिलेला शब्द दुसऱ्यांदा देत नाहीत. दुसऱ्यांदा दिला म्हणजे पहिला खोटा होता. छापील कागद मुलगा करतो. शब्द मी देतो. तो दिला."

मुलाने मान खाली घातली. त्याला हे नवीन नसणार.

माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. "अहो काका, तुमचा शब्द मी वाचला, मला तो कळला, मला तो पटला. उद्या मी आजारी पडले तर? ट्रक सतवासच्या दारात उभा राहील आणि ड्रायव्हर विचारेल भाडं कोण देणार, तेव्हा तुमचं ते मोत्यासारखं अक्षर तिथे कोण वाचणार? तिथे एक माणूस आहे, तो मला रोज सकाळी फोन करतो. ती टाकी दिवाळीच्या आत लागली नाही तर त्याचं केंद्र बंद होतंय. त्याने विटा वाहिल्यात त्याच्या. आणि इथे घोडं अडलंय कशावर, तर शब्द एकदा द्यायचा की दोनदा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. केंद्र बंद होण्याचं पुरवठादाराला सांगायचं नसतं. गरज कळली की भाव चढतात. पण भाव बंद पाकिटातून कधीच बाहेर पडला होता, आणि मूळ दर बदलता येत नाही हे माझ्याच पत्रात होतं. साहेबांना मराठी कळत नव्हती, माझा आवाज मात्र कळला.

"प्रॉब्लम क्या है?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. म्हटलं, दुबारा नहीं लिखेंगे.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "तो दुबारा मत लिखिए ना. यही चिट्ठी है, इस पर नंबर डालो, मुहर लगाओ. और साथ में इसका हिन्दी अनुवाद, लेटरहेड पर, साइन के साथ. अनुवाद तो अनुवाद है. मेरे को कोई दिक्कत नहीं."

काकांनी साहेबांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"अनुवाद," ते म्हणाले. "अनुवाद वेगळा."

मग काका मराठी ओळ वाचायचे, तिची हिंदी स्वतःच सांगायचे, आणि मुलगा कॉम्प्युटरवर टाइप करायचा. मी बाजूला उभी राहून मूळ कागदावर बोट फिरवत होते. "सतवास केन्द्र के द्वार तक, हमारे व्यय पर" इथे मुलाची बोटं थांबली. त्याने वडिलांकडे पाहिलं.

"टाइप कर," काका म्हणाले.

त्याने केलं. शेवटच्या ओळीपाशी मी म्हटलं, फराळाचं राहू द्या. साहेब म्हणाले, नहीं नहीं, अनुवाद पूरा होना चाहिए, आधा अनुवाद मैं नहीं लूंगा. म्हणून आमच्या फाईलमध्ये एक अधिकृत पत्र आहे, सही-शिक्क्यासह, ज्यात मुदत, भाडं आणि बसवणीच्या खाली लिहिलं आहे: दीपावली पर फराळ हेतु सपरिवार पधारें. परतीच्या वाटेवर साहेबांनी विचारलं, फराळ में क्या-क्या होता है? चकली, चिवडा, अनारसे, मी सांगत गेले. तक्त्याच्या शेऱ्याच्या ओळीत मी दुसऱ्या दिवशी लिहिलं: फराळाचे निमंत्रण तुलनेत धरलेले नाही. अकाउंट्सच्या साहेबांनी त्यावर सही केली.

प्रश्नचिन्हं खोडून तीन आकडे भरले. धार सर्वांत स्वस्त, धार सर्वांत लवकर. ऑर्डर गेली, आणि मी तिच्यात पत्र आणि अनुवाद दोन्ही जोडले.

"जीजी, टंकी को कई हुयो?"

"ऑर्डर हो गया, भिया."

तो म्हणाला, "हौ." कल पूछूंगा म्हणायला विसरला. पण दुसऱ्या दिवशी विचारलंच.

टाकी पोहोचली त्या दिवशी मी सतवासला होते. माल ताब्यात घेण्याच्या कागदावर खरेदीचंही माणूस लागतं. ट्रक केंद्राच्या दारात आला. केंद्र सांभाळणारा, ज्याला मी आवाजानेच ओळखत होते, तो निघाला काडीसारखा बारीक आणि माझ्याहून लहान. तो ट्रकच्या पुढे उलटा चालत, हाताने खुणा करत त्याला आत घेत होता. मागे गावचे लोक कॅन घेऊन उभे.

केबिनचं दार उघडलं आणि आधी काठी खाली आली, मग धोतर. काका. धारपासून सतवासपर्यंत ट्रकमध्ये बसून, त्या वयात.

"अहो काका, तुम्ही कशाला आलात?"

"दारात पोहोच लिहिलं होतं. दार पाहायला नको?"

ड्रायव्हर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, घेऊन आला. भाड्यापुढे लिहिलेलं: माल घेणाऱ्याने द्यायचे. हेच. अगदी हेच मी शेडमध्ये बोलले होते. मी पर्समधून अनुवादाची प्रत काढायला लागले, तेवढ्यात काकांनी ड्रायव्हरला बाजूला नेलं, बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि पैसे दिले. फर्मचे नाहीत, स्वतःचे. खिशातल्या पाकिटात फर्मचे पैसे नसतात.

तेव्हा मला कळलं मुलाची बोटं कशाने थांबली होती ते.

"काका, तुमच्या दरात भाडं नव्हतंच," मी म्हटलं.

"नव्हतं."

"मग एफ. ओ. आर. कशाला लिहिलंत?"

"मुलाला विचारलं मी. म्हणाला, सगळे लिहितात."

"आणि बसवणी?"

"ती कधी धरतो, कधी नाही. कोणी विचारत नाही."

मला इतका राग आला की काय सांगू. एक दुपार घालून मी ते पत्र लिहिलं होतं. कुठे सुचवणं नको, कुठे उत्तर तोंडात घालणं नको, शब्द न् शब्द तोलून. "काका, मी खातरजमा मागितली होती. तुमच्या दरात काय आहे तेवढं कळवा म्हटलं होतं. नाही म्हणून लिहिता येत होतं की!"

"येत होतं," ते म्हणाले. "पण आपण विचारलंत, माल कुठपर्यंत पोहोचवणार. इतकी वर्षं टाक्या विकल्या, ते कोणी विचारलं नव्हतं. भाडं कोण देणार हे विचारतात. मग मी बसून विचार केला, कुठपर्यंत पोहोचवायला हवी. जिथे दूध आहे तिथपर्यंत. तसं लिहिलं."

वाईटही वाटलं, आणि बरंही वाटलं, आणि दोन्हीचा मला रागच आला. ताब्याच्या कागदावर लिहिलं: भाडे पुरवठादाराकडून, अटीप्रमाणे. खोटं काही नव्हतं त्यात.

टाकी उतरली, जोडली, गॅस भरला. संध्याकाळचं दूध आत गेलं आणि केंद्र सांभाळणारा तापमानाच्या काट्याजवळ उकिडवा बसून राहिला. काटा खाली येत होता. काका शेजारी खुर्ची घेऊन बसले. एक मराठीत बोलत होता, दुसरा माळवीत, आणि अडलं काही नाही. काटा ठरल्या जागी आला तेव्हा केंद्र सांभाळणाऱ्याने टाकीला हात लावला, मग स्वतःच्या कपाळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स टेबलावर ठेवली आणि फोनकडे पाहत बसले. नाही वाजला. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आता कशाला वाजेल? पण सवय लागली होती ना मला. चार-पाच दिवसांनी मीच लावला.

"भिया, टंकी कैसी है?"

"ठंडी हे, जीजी. वो धारवाला बा रोज सवेरे फोन करे. पूछे, टंकी ठंडी हे के नी. म्हूं कूं, हौ. दूसरे दिन फिर पूछे."

मी म्हटलं, "उनको लिखित में दे दो."

गंमत म्हणून म्हटलं हो. पण तो माझ्या हाताखालून गेलेला माणूस. दिवाळीच्या आधी एक पाकीट आलं, आत केंद्राच्या कागदावर एक ओळ, खाली सही आणि केंद्राचा गोल शिक्का: टंकी ठंडी है. वर धारच्या काकांचा पत्ता. खाली कोपऱ्यात: प्रतिलिपि, खरीदी विभाग, देवास.

ती प्रत मी फाईलला लावली, त्या हळद-कुंकवाच्या पत्राच्या मागे.